बिल आहे, पैसे गेले, मग मिलवर जाऊन मशीन कशाला पाहायचं? एका दालमिलचं ऑडिट

वाशिमची_आर्टिकल

नमस्कार मंडळी. मी एका सीएंकडे आर्टिकलशिप करते आहे, दुसरं वर्ष चालू आहे. सध्या एका दालमिलचं टॅक्स ऑडिट माझ्याकडे आहे. तालुक्याच्या गावातली भागीदारी फर्म, दोन सख्खे भाऊ आणि त्यांचा मेव्हणा असे तीन भागीदार. तूर घ्यायची, भरडायची, डाळ अकोल्याला आणि नागपूरला पाठवायची, असा सरळ धंदा. हिशेब टॅलीत आहेत आणि मुनीमजी जुने, नीटनेटके आहेत.

फर्मने गेल्या वर्षी कलर सॉर्टर घेतला. त्याच्या पेमेंटचं व्हाउचिंग मी केलं. बिल फर्मच्या नावावर आहे, तारीख १८ सप्टेंबर, सगळं धरून ९,६०,००० रुपये. आरटीजीएस बँक स्टेटमेंटला लावून पाहिलं, पैसे पुरवठादाराच्याच खात्यात गेले आहेत. ई-वे बिल आहे. व्हाउचरवर दोन भागीदारांच्या सह्या आहेत. नोंद मशिनरी खात्यात आहे, खर्चात नाही.

सरांना दाखवलं तर म्हणाले, "ठीक. आता मिलवर जाऊन मशीन पाहून ये." माझा प्रश्न खरंच मनापासून आहे. एवढे कागद तपासल्यावर मशीन पाहून नवीन काय कळणार? हे त्याच पेमेंटचं दुसऱ्यांदा ऑडिट होत नाही का? परीक्षेत व्हाउचिंग आणि व्हेरिफिकेशन या दोन्हीतला फरक मी लिहिते, पण कामात तो नेमका कुठे दिसतो?

---

मुनीम७२

पोरी, मी यवतमाळ जिल्ह्यात जिनिंगचे हिशेब सांभाळतो, आता तं केस पिकले. माझं मत सांगतो. बिल खरं, बँक खरी, सही खरी, मग मशीन कुठं जाणार? नऊ लाखाची वस्तू कोणी खिशात घालून नेते काय? अन् मालमत्ता सांभाळणं, मोजणं हे मालकाचं काम आहे, ऑडिटरचं नाही. वर्षाच्या शेवटी भागीदारांकडून लेखी घ्यायचं की यादीतली सर्व मशिनरी मिलवर आहे अन् चालू आहे. आमच्या इथं वर्षानुवर्षं असंच होत आलं.

तुले जायचं असंल तं जा, मिल पाहून शिकायले मिळते. पण त्यानं ऑडिटात काही फरक पडत नाही.

---

खडू_फळा

मुनीमजींच्या म्हणण्याला जुना आधारही आहे. मी कॉलेजात ऑडिटिंग शिकवतो. इंग्लंडमधल्या किंग्स्टन कॉटन मिलच्या खटल्यात, १८९६ साली, न्यायालयाने हेच म्हटलं होतं. मॅनेजरने स्टॉकचा दाखला दिला, ऑडिटरने त्यावर विश्वास ठेवला, आणि स्टॉक फुगवलेला निघाला तरी ऑडिटर दोषी ठरला नाही. ऑडिटर राखण करणारा आहे, माग काढणारा नाही, हे प्रसिद्ध वाक्य त्याच निकालातलं.

---

जमाखर्च

मुनीमजी, तुमचं अर्धं म्हणणं अगदी बरोबर आहे. मालमत्ता सांभाळणं आणि मोजणं ही फर्मचीच जबाबदारी. ऑडिटरने मिलमधला प्रत्येक नटबोल्ट मोजावा असं कोणी म्हणत नाही. पण तेवढ्यावरून "मग जाऊच नये" हे निघत नाही.

प्राध्यापक महाशय, १८९६ नंतर बरंच पाणी वाहून गेलं. अमेरिकेत १९३८ मध्ये मॅकेसन अँड रॉबिन्स या औषध कंपनीचं प्रकरण बाहेर आलं. तिथे खरेदीची बिलं होती, माल पाठवल्याचे कागद होते, गोदामाच्या पावत्या होत्या. नव्हता तो माल. जवळजवळ १ कोटी ९० लाख डॉलरची मालमत्ता नुसती कागदावर होती. त्यानंतर ऑडिटरने स्टॉक मोजणीला स्वतः हजर राहायची पद्धत पक्की झाली. आपल्याकडेही स्टॉकची रक्कम मोठी असेल तर मोजणीला हजर राहा, असं ऑडिटचं मानक एसए ५०१ सांगतं. मालकाचा दाखला जरूर घ्यावा, पण जे डोळ्यांनी पाहता येतं त्याच्या जागी दाखला चालत नाही.

आता आर्टिकलताईंचा प्रश्न. तुम्ही जे तपासलं त्यातून इतकंच सिद्ध झालं की सप्टेंबरात फर्मने एका पुरवठादाराला एका मशीनचे पैसे दिले, ते धंद्यासाठी दिले आणि योग्य माणसांच्या मंजुरीने दिले. ही एका दिवसाची गोष्ट झाली. ताळेबंद मात्र ३१ मार्चबद्दल बोलतो. त्या दिवशी मशीन मिलवर होतं का, फर्मचंच होतं का, त्यावर कोणाचा बोजा होता का, चालू होतं की नुसतं उभं होतं, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर सप्टेंबरच्या बिलात नाही. बिल खरं असूनही ही चारही उत्तरं चुकीची निघू शकतात.

उलटंही तितकंच खरं आहे. मिलवर मशीन डोळ्यांनी दिसलं म्हणून त्याचे पैसे फर्मने दिले असं होत नाही. एखाद्या भागीदाराचं खासगी असेल, भाड्याने आणलेलं असेल, उधारीवर असेल आणि देणं वहीत आलंच नसेल. म्हणून एक काम दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

आणि एक महत्त्वाचं. मिलवर जाल तेव्हा रजिस्टर हातात धरून फक्त टिका मारत फिरू नका. तसं केलंत तर वहीतलं जमिनीवर आहे का एवढंच कळेल. आधी वही बंद ठेवा, मिलमध्ये जे उभं दिसेल ते लिहून काढा आणि मग वहीत शोधा. खरी माहिती पुष्कळदा त्या उलट्या वाटेने मिळते.

---

दाणाबाजार

आमची पण छोटी मिल आहे, बुलडाणा साइडला. व्हेरिफिकेशनला आमचा बँकवाला दर तीन महिन्यांनी येतो, स्टॉक पाहतो, फोटो काढतो आणि जातो. मग सीएने परत कशाला यायचं? बँकेचा रिपोर्ट लावून दिला तर चालत नाही का?

दुसरं, आमच्या सीएने शेतकऱ्यांना रोख दिलेल्या पैशांवर आक्षेप काढला. म्हणतो दिवसाला १० हजाराच्या वर रोख चालत नाही. आता शेतकरी गाडी खाली करून रोखच मागतो. त्याला काय सांगायचं?

---

जमाखर्च

दाणाबाजार भाऊ, बँकवाला येतो ते त्याचं कर्ज सुरक्षित आहे का हे पाहायला. तारण पुरेसं दिसलं की त्याचं काम झालं. तारणात न आलेला माल, कोणाचा तरी भरडाईला आलेला माल, रजिस्टरमधून गळलेली मशीन हे त्याच्या कामात येत नाही. त्याचा रिपोर्ट पुरावा म्हणून फाइलला लावू, पण तेवढ्यावर थांबता येत नाही.

तुमचा दुसरा प्रश्न व्हाउचिंगचा आहे. एका माणसाला एका दिवसात १० हजारांच्या वर रोख दिलं तर तो खर्च नामंजूर होतो, हे खरं. पण शेतकऱ्याला त्याने पिकवलेल्या मालाचे थेट पैसे दिले तर त्यातून सूट आहे. अट एवढीच की तो शेतकरीच आहे हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे. व्हाउचरवर पूर्ण नाव, गाव, मालाचं वजन, भाव, सही किंवा अंगठा आणि शक्य तर सातबाऱ्याची प्रत असावी. "तूर खरेदी, रोख, ६२,०००" एवढंच लिहिलेलं व्हाउचर असेल तर तुमच्या सीएचा आक्षेप रास्त आहे. आणि माल खेडा खरेदीवाल्या व्यापाऱ्याचा असेल तर ही सूट मिळत नाही, मग तो कितीही शेतकरी म्हणवून घेवो.

---

वाशिमची_आर्टिकल

सर, धन्यवाद. काल मिलवर जाऊन आले. तुम्ही सांगितलं तसं रजिस्टर पिशवीतच ठेवलं आणि आधी पाहून लिहिलं. जे दिसलं ते सविस्तर सांगते, कारण मला त्यातलं सगळं कळलेलं नाही.

कलर सॉर्टर आहे, चालू आहे. मी गेले तेव्हा त्यातून डाळ पडत होती आणि काळे दाणे हवेच्या झोताने बाजूला उडत होते. पाटीवरचा नंबर लिहून घेतला. बिलावरच्या नंबरचे शेवटचे तीन आकडे ४१७ आहेत, पाटीवर ४७१.

सॉर्टरच्या मागे एक मोठा एअर कॉम्प्रेसर उभा आहे, नवाकोरा. तो रजिस्टरमध्ये कुठेच नाही.

रजिस्टरमध्ये एक जुना ग्रेडर आहे, २०१४ साली २,८०,००० ला घेतलेला, वहीत अजून पन्नासेक हजार शिल्लक किंमत दिसते. तो मिलवर नाही. पाया दिसतो, त्याच्यावर आता सॉर्टरचा जिना आहे. एका कामगाराने सांगितलं की दिवाळीच्या सुमारास भंगारवाला घेऊन गेला.

आणि सॉर्टरच्या बाजूला भिंतीवर पुरवठादाराच्या इंजिनिअरचा मशीन बसवल्याचा कागद लावला आहे. त्यावर तारीख २१ नोव्हेंबर आहे.

---

मुनीम७२

४१७ अन् ४७१ म्हणजे टायपिंगची चूक, दुसरं काय. बिल बनवणाऱ्या पोरानं आकडे उलटे मारले. यात काहून एवढं.

कॉम्प्रेसरचं म्हणशील तं तो मशिनरी दुरुस्तीत गेला असंल. आमच्याकडे पण स्पेअर, बेल्ट, जाळ्या सगळं दुरुस्तीतच जाते.

भंगाराचं मात्र बरोबर नाही केलं त्यायनं. ते पैसे रोजकिर्दीत यायले पाहिजे होते. हे मीही माझ्या मालकाले ठणकावून सांगतो.

---

जमाखर्च

ताई, तुम्ही फार चांगलं काम करून आलात. एकेक घेऊ.

सगळ्यात आधी इंजिनिअरचा कागद. मशीनचे पैसे सप्टेंबरात गेले, पण मशीन बसलं २१ नोव्हेंबरला. घसारा मशीन वापरात आल्यावर मिळतो, बिलाच्या तारखेने नाही. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर १५ टक्क्यांच्या जागी निम्मा, म्हणजे साडेसात टक्के. २१ नोव्हेंबर ते ३१ मार्च हे १३१ दिवस होतात. मिलच्या मुनीमजींनी बिलाच्या तारखेवरून १,४४,००० घसारा धरला असणार, येतो ७२,०००. अतिरिक्त घसाऱ्याचा विषय वेगळा, तो इथे धरत नाही. आता पाहा, तुमच्या व्हाउचिंगमध्ये काहीही चुकलं नव्हतं. बिलाची तारीख बरोबर, पेमेंट बरोबर. तरी ७२ हजारांचा फरक भिंतीवरच्या एका कागदाने काढला. महावितरणने लोड कधी वाढवून दिला ते पत्रही पाहा. सॉर्टर आणि कॉम्प्रेसर जुन्या लोडवर चालले नसतील, आणि ते पत्र फर्मच्या बाहेरून आलेलं असल्यामुळे जास्त भरवशाचं.

कॉम्प्रेसरसाठी परत व्हाउचरच्या फाइलकडे जावं लागेल. दुरुस्ती खात्यातली मोठ्या रकमेची व्हाउचरं काढा. कॉम्प्रेसरशिवाय सॉर्टर चालतच नाही, तो हवेनेच दाणे उडवतो, तेव्हा तो साधारण त्याच महिन्यांत आला असणार. मुनीमजी म्हणतात तसा तो दुरुस्तीत गेला असेल तर तीच चूक आहे. बेल्ट आणि जाळी झिजतात, त्या बदलणं ही दुरुस्ती. कॉम्प्रेसर ही नवी मालमत्ता.

ग्रेडर मात्र व्हाउचिंगने कधीच सापडला नसता, हे लक्षात ठेवा. ज्याची नोंदच झाली नाही त्याचं व्हाउचर कुठून येणार? वहीतून व्हाउचरकडे जाणारी तपासणी वहीत असलेल्या गोष्टींचीच होते. भंगारवाल्याने दिलेले पैसे कोणाच्या खिशात गेले हे भागीदारांना विचारावं लागेल, तेही तिघांना वेगवेगळं.

नंबरचं मी शेवटी ठेवलं, कारण ते लगेच सुटणारं नाही. टायपिंगची चूक असू शकते, बहुतेक तीच असेल. पण "असेल" यावर फाइल बंद करता येत नाही. विम्याची पॉलिसी पाहा, वॉरंटी कार्ड पाहा, आणि पुरवठादाराला फर्मच्या लेटरहेडवर पत्र लिहून उत्तर थेट तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर मागवा. फर्मकडे येऊन मग तुमच्याकडे आलेल्या उत्तराची किंमत कमी होते.

---

वाशिमची_आर्टिकल

कॉम्प्रेसर सापडला! मशिनरी दुरुस्ती खात्यात, ९ नोव्हेंबर, १,३५,०००. टॅलीतल्या नोंदीत "स्पेअर पार्ट सॉर्टर" एवढंच लिहिलं होतं. बिल काढलं तर त्यावर स्वच्छ लिहिलंय, स्क्रू एअर कॉम्प्रेसर, एक नग. तो खर्च पूर्ण वजा केला होता. आता मालमत्तेत घेऊन साडेसात टक्क्यांनी १०,१२५ घसारा येईल. म्हणजे एवढ्यामुळेच नफा १,२४,८७५ ने वाढला, आणि सॉर्टरचे ७२ हजार वेगळे.

विम्याच्या पॉलिसीवर ४७१ नंबर आहे. म्हणजे विमावाल्याने पाटी पाहूनच लिहिला असावा. बिल मात्र ४१७ चंच. पत्र पाठवलं आहे.

व्हाउचिंगबद्दलही एक अडलंय. हमालीची सगळी व्हाउचरं घरचीच, छापील पॅडवर, एकाच हस्ताक्षरात, खाली अंगठे. बाहेरचा कागदच नाही. ती कशी तपासायची? त्यातलं एक पोळ्याच्या दिवसाचं आहे, ४२० कट्टे, कट्ट्यामागे ६ रुपये, २,५२० रुपये. पोळ्याला तर मिल बंद असते. आवक रजिस्टरमध्ये त्या आठवड्यात २६० च कट्टे आले आहेत.

---

कोरडवाहू

पोळ्याचं मी सांगतो, आम्ही गावातलेच. हमाल लोकं पोळ्याच्या आधी किंवा पोळ्याच्या सकाळी आठवड्याचा हिशेब करून घेतातच. बैल सजवायले, लेकरायले कपडे घ्यायले पैसा लागते. त्यामुळं तारीख पोळ्याची असली तं काम त्या दिवशीचं नसते, पैसे त्या दिवशीचे असतात. यात खोटं काही नाही.

---

जमाखर्च

कोरडवाहूंनी सांगितलं ते एखाद्या ऑडिटरला शहरात बसून कळणार नाही. तारखेचा उलगडा झाला. उरले १६० कट्टे. ताई, हमाल नुसती तूर उतरवत नाहीत, डाळ भरूनही देतात. त्या आठवड्याची जावक पाहा.

घरच्या व्हाउचरांना हीच रीत. व्हाउचरला दुसऱ्या कोणत्या तरी कागदाची साथ शोधायची, आणि तो कागद शक्यतो दुसऱ्या माणसाने लिहिलेला असावा. काट्याची पावती, ट्रकची बिल्टी, जावक रजिस्टर असं काहीही. एकट्या व्हाउचरवर अंगठा आहे म्हणून समाधान मानू नका. मजुरीची कागदं वाढवून पैसे काढल्याचं ऑडिटरांना दिसलं नाही आणि ते जबाबदार धरले गेले, असा आर्मिटेज विरुद्ध ब्रूअर अँड नॉट हा १९३२ चा खटला आहे. तिथे आकड्यांत फेरफार केलेला कागदावरच दिसत होता. तेव्हा खाडाखोड, वेगळ्या शाईचा एखादा आकडा, अंकात एक आणि अक्षरात दुसरं, हे प्रत्येक व्हाउचरवर पाहायचंच.

---

वाशिमची_आर्टिकल

जावकमध्ये त्याच आठवड्यात डाळीचे १६० कट्टे नागपूरला गेले आहेत, बिल्टी लावलेली आहे. २६० आणि १६०, बरोबर ४२०. पोळ्याचं व्हाउचर खरं निघालं. मला मनातून बरं वाटलं, कारण मिलच्या मुनीमजींवर उगाच संशय घेतल्यासारखं झालं असतं.

आता स्टॉक. आम्ही ३१ मार्चला मोजायला गेलो नव्हतो, ऑडिट नंतर हातात आलं. मग काल मोजून मागे जायचं ठरलं. ३१ मार्चला वहीत तूर ६४० क्विंटल. त्यानंतर खरेदी १५०, भरडायला गेली ४८०. म्हणजे काल ३१० असायला हवी. मी आणि सरांचे असिस्टंट, आम्ही थप्प्या मोजल्या, काही कट्टे काट्यावर टाकून वजनाचा अंदाज घेतला. आली ३५५ क्विंटल. ४५ जास्त! कमी आली असती तर कळलं असतं, जास्त कशी?

---

दाणाबाजार

जास्त आली म्हणजे चांगलंच की! वहीत वाढवून घ्या.

---

जमाखर्च

नाही हो, अजिबात वाढवू नका. दालमिलमध्ये माल जास्त निघाला तर पहिला प्रश्न, हा माल कोणाचा? आपल्या भागात शेतकरी घरच्या खाण्याची तूर मिलवर आणून भरडून घेतात. व्यापारीही भरडाईला टाकतात. तोच कट्टा, तेच गोदाम, शेजारची थप्पी. डोळ्यांना फर्मची आणि लोकांची तूर सारखीच दिसते. भरडाईच्या पावतीपुस्तकात जे नग अजून परत गेले नाहीत ते काढा.

याच्या उलट बाजूही पाहायला हवी. फर्मची तूर दुसरीकडे पडली आहे का? वखार महामंडळाच्या गोदामात तारण ठेवून कर्ज काढलं असेल तर ती मिलवर दिसणार नाही, पण फर्मचीच आहे. गोदामाची पावती आणि बँकेचं पत्र दोन्ही लागेल.

आणखी एक, थप्पी बाहेरून मोजली की आतून भरीव आहे असं गृहीत धरलं जातं. मधे पोकळी ठेवून बाहेरून थप्पी लावलेली पाहिलेली माणसं आपल्यात आहेत. एखादी थप्पी वरून उघडून बघायची, मालक नाराज झाला तरी.

आणि वजन बरोबर आलं म्हणजे काम संपलं नाही. कीड लागलेली तूर चांगल्या भावात धरली असेल तर क्विंटल जुळूनही ताळेबंद चुकतो. ज्या भावात विकलं जाईल तो खरेदीभावाखाली असेल तर तोच भाव धरायचा.

---

मुनीम७२

मोजून मागं जाणं कसं बरोबर म्हणता? भरडल्यावर तूर ती तूर राहत नाही. क्विंटलमागे सत्तर-बाहत्तर किलो डाळ, बाकी चुनी, कोंडा. एका दिवसात दहा-वीस किलो इकडचं तिकडं होते. चार महिन्यांत किती?

---

जमाखर्च

मुनीमजी, इथे तुमचा मुद्दा वजनदार आहे. जितकं उशिरा मोजाल तितकं मागे जाणं कच्चं होतं. म्हणून तुरीचं स्वतंत्र आणि डाळीचं स्वतंत्र, दोन्ही जुळवायचं. ४८० क्विंटल भरडली तर ३३५ ते ३४५ च्या आसपास डाळ यायला हवी. विक्री अधिक शिल्लक डाळ त्याच्या आसपास आली तर ४८० या आकड्यावर विश्वास ठेवता येतो. डाळ ३०० च निघाली तर भरडाईचा आकडा फुगवलेला आहे, किंवा डाळ बिलाशिवाय गेली आहे. पुढच्या वर्षी ताई, ३१ मार्चच्या संध्याकाळी तिथेच असा. शेवटच्या आवक पावतीचा आणि शेवटच्या जावक बिलाचा नंबर लिहून घ्या, म्हणजे १ एप्रिलचा ट्रक मार्चमध्ये सरकवता येत नाही.

---

वाशिमची_आर्टिकल

डाळ ३३८ क्विंटल जुळते. भरडाईच्या पावतीपुस्तकात न गेलेले ३८ क्विंटल सापडले, नावांसकट, गावांसकट. ४५ मधले ७ अजून सापडत नाहीत. मिलचे मुनीमजी म्हणतात एका पुस्तकाची काही पानं मिलवरच्या खोलीत असतील.

एक शेवटचा प्रश्न राहिलाच. ताळेबंदात "जागा व शेड" आहे. शेडची बिलं सगळी फर्मच्या नावाची, पत्रे, सिमेंट, मजुरी, व्हाउचिंग व्यवस्थित झालं. जागेच्या सातबाऱ्यावर मात्र नाव थोरल्या भागीदाराचं एकट्याचं आहे, आणि इतर हक्कात त्याच्या पीककर्जाचा बोजा आहे. फर्मच्या वहीत ती जागा ६ लाखांना दाखवली आहे. वहीत त्या थोरल्याच्या भांडवल खात्याला जमा आहे.

---

कोरडवाहू

आमच्या शेतकरी कंपनीचं गोदामही असंच एका संचालकाच्या वावरात उभं आहे. बँकेनं कर्ज नाकारलं, म्हणे जागा तुमची नाही. भाडेपट्टा रजिस्टर करा म्हणाले. आमच्यात भांडण झालं ते आजपर्यंत मिटलं नाही. तेव्हा ताई, हा प्रश्न लहान समजू नका.

---

खडू_फळा

माझ्या मते सातबाऱ्यावर फर्मचं किंवा सगळ्या भागीदारांचं नाव नाही, तर ती जागा ताळेबंदातून काढायला हवी. मालकीचा पुरावा नसताना मालमत्ता दाखवणं चूक आहे. शेड राहू द्या, कारण तिचा खर्च फर्मने केला आहे.

---

जमाखर्च

मी एवढ्या लवकर तिथे पोहोचणार नाही. भागीदारी कायद्यात, १९३२ च्या, भागीदाराने धंद्यात आणलेली मालमत्ता फर्मची धरली जाते. तेव्हा थोरल्याने ती जागा खरोखर भांडवल म्हणून आणली का, की फक्त वापरायला दिली, हे आधी पाहावं लागेल. त्यासाठी भागीदारीचा करारनामा वाचा. त्यात जागेचा गट नंबर आणि ती भांडवल म्हणून आणल्याचं लिहिलं असेल तर फर्मची बाजू भक्कम होते. "जागा वापरण्यास देत आहे" एवढंच असेल तर प्राध्यापकांचं म्हणणं खरं ठरतं, आणि भांडवल खात्यातले ६ लाखही उलटवावे लागतील.

बोजाचा प्रश्न मात्र दोन्ही बाजूंनी राहतो. जागा फर्मची असो वा थोरल्याची, त्याच्या खासगी पीककर्जात ती अडकली आहे. बँकेकडून बाकी किती ते लेखी घ्या. शिवाय ती जागा अकृषिक झाली आहे का तेही पाहा, कारण पीककर्ज दिसतंय म्हणजे बहुतेक नोंदीत अजून शेतीच आहे, आणि त्याच्यावर मिल उभी आहे.

---

मुनीम७२

थोरल्याचे भाऊ एकत्र आहेत तवर ठीक आहे. वाटणी झाली की शेड कोणाची अन् जागा कोणाची यावर कोर्टात जातील. मी असं घर मोडलेलं पाह्यलं आहे. ताई, हे मात्र रिपोर्टात लिहाच, दाखल्यावर सोडू नका.

---

वाशिमची_आर्टिकल

करारनामा मागितला आहे. थोरले भागीदार गावाला गेलेत, सोमवारी देतो म्हणाले. पुरवठादाराचं उत्तर ऑफिसला आलं. मशीन ४७१ चंच दिलं होतं, बिलात आकडे उलटे पडले, दुरुस्त बिल पाठवतो असं लिहिलंय. ते बिल आल्यावर तो मुद्दा मिटेल. ग्रेडरबद्दल दोन भागीदार म्हणाले १८ हजार आले, तिसरे म्हणाले १५. पैसे रोजकिर्दीत नाहीत ते नाहीतच. भंगारवाल्याकडे काट्याची पावती मिळते का ते बघायला मी उद्या जाते आहे. ७ क्विंटल तूर अजून सापडलेली नाही.